शरयूची अकरा पानं

सत्यजित प्रोजेक्टरसमोर उभा राहिला आणि त्याच्या तिसऱ्या वाक्याला शरयूच्या बोटांना कळलं, की आपण आपल्यालाच टाइप करतोय.

मीटिंगचे मिनिट्स लिहायचं काम तिच्याकडे होतं. कोण काय म्हणालं, काय ठरलं, कुणी काय करायचं. टेबलाच्या टोकाला लॅपटॉप घेऊन बसायचं आणि मान खाली घालून टिपत राहायचं.

"या माणसाला भेटा," सत्यजित म्हणाला. पडद्यावर एका पेशंटचं रेकॉर्ड आलं. "हा अठ्ठ्याण्णव साली वारला. दोन हजार साली त्याने एका मुलीला जन्म दिला. आणि दोन हजार दोनमध्ये तो पुन्हा वारला."

हशा पिकला. क्लायंटकडची मॅनेजर लिंडाही हसली, जी सहसा हसत नसे. हशा विरायच्या आत सत्यजितने उजवा तळहात हवेतल्या हवेत उलटा केला, तव्यावरची पोळी उलटावी तसा, आणि म्हणाला, "हा माणूसच नाही. ही तीन माणसं आहेत, एका कातडीत शिवलेली."

शरयूची बोटं थांबली. तळहात त्याचा होता, पण ते उलटणं तिचं होतं. आई म्हणायची, बोलताना या पोरीचे हात बांधले तर ही मुकी होईल.

"आणि ती का शिवली गेली ते मला कसं कळलं सांगू?" सत्यजित पुढे झुकला. "माझ्या वडिलांमुळे. त्यांची जन्मतारीख कुणालाच ठाऊक नव्हती. शाळेत घालायला नेलं तेव्हा मास्तरांनी लिहून टाकली, एक जून. आमच्याकडे त्या पिढीचा अर्धा गाव एक जूनला जन्मलाय."

पुन्हा हशा. कुणीतरी टेबलावर थाप मारली.

शरयूने टाइप केलं: सत्यजित यांनी सांगितले, की. पुढे तिला काही सुचेना. कर्सर लुकलुकत राहिला.

शरयू मूळची पुलगावची. वडील तिथे पोस्टात होते, आणि एक जूनची जन्मतारीख त्यांची. तिने नागपुरात एम.सी.ए. केलं, पुण्याच्या एका कंपनीत चार वर्षं काढली आणि दोन हजार चारच्या उन्हाळ्यात कंपनीने तिला अमेरिकेत शॉमबर्गला पाठवलं. एका हॉस्पिटल साखळीच्या रेकॉर्ड विभागात काम होतं. सात हॉस्पिटलं, त्यांचे पेशंट एका यादीत आणायचे. नाव आणि जन्मतारीख जुळली, की प्रोग्राम दोन रेकॉर्ड्स एकत्र करून टाकी. बहुतेकदा बरोबर. कधीकधी भलत्याच माणसांची गाठ मारून. एकाचा रक्तगट, दुसऱ्याची अ‍ॅलर्जी, तिसऱ्याचं ऑपरेशन, आणि वर एकच नाव.

प्रोग्राम असं का करतो, ते शरयूने शोधलं. बेशुद्ध पेशंट इमर्जन्सीत आला की त्याचं नाव माहीत नसतं, तारीख माहीत नसते. पण कॉम्प्युटर रकाना रिकामा ठेवू देत नाही. मग काउंटरवरची बाई नाव घालते जे. डो, अनोळखी बाईचं किंवा पुरुषाचं तिथलं ठरलेलं नाव, आणि तारीख घालते एक जानेवारी एकोणीसशे. असे सगळे अनोळखी त्या प्रोग्रामच्या लेखी एकाच घरात एकाच दिवशी जन्मलेले. शरयूला ती तारीख दिसली आणि बाबांच्या शाळेचे मास्तर आठवले, बस्स. तिने अशी एकेचाळीस रेकॉर्ड्स काढली, अकरा पानं लिहिली आणि सत्यजितला मेल केली. सत्यजित टीमचा कोऑर्डिनेटर. क्लायंटकडे जे जाईल ते त्याच्यामार्फत, अशी कंपनीची रीत.

शिवाय ती त्याच्या गाडीतून यायची. तिच्याकडे अजून लायसन्स नव्हतं आणि शॉमबर्गमध्ये गाडीशिवाय माणूस म्हणजे चप्पल हरवलेला माणूस. सकाळी पंचवीस मिनिटं, संध्याकाळी चाळीस. रेडिओ बंद, काचांवर वाफ, आणि शरयूची बडबड. तो मान हलवायचा. "मग?" म्हणायचा. "मग काय झालं?" इतकं मन लावून आजवर कुणी तिचं ऐकलं नव्हतं.

मीटिंग संपली. लिंडा जाता जाता सत्यजितच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "मार्चपासून पुढचा टप्पा. तुमच्या दोघांतला एकच जण ठेवायचं बजेट आहे माझ्याकडे. हे ज्याने शोधलं तो मला हवाय."

"थँक यू, लिंडा," सत्यजित म्हणाला.

दुसरा पुण्याला परत. दुसरा म्हणजे कोण, ते खोलीतल्या खुर्च्यांनाही कळलं.

*

"चोरलंस तू!" शरयू म्हणाली.

"कट," हिमानी म्हणाली.

हिमानी तिची रूममेट, युनिव्हर्सिटीत केमिस्ट्रीत पीएच.डी. करणारी. संध्याकाळचे सात वाजले होते, कुकरची दुसरी शिट्टी व्हायची होती. हिमानीने झारा माइकसारखा धरला होता. ती सत्यजित झाली होती, आणि आवाज थोडा जाड करून, मान किंचित तिरपी करून ती इतकी सत्यजित झाली होती, की शरयूला तिच्याकडे बघवेना.

"चोर म्हणालीस ना, की पुढची वीस मिनिटं तो चोर आहे की नाही यावरच जाणार. तुझी अकरा पानं राहिली बाजूला. परत बोल."

"तू माझं काम स्वतःचं म्हणून दाखवलंस."

"'म्हणून' कशाला? त्याच्या मनात काय होतं ते तुला काय माहीत? जे दिसलं ते सांग. तारीख, फाइल, पान. आमच्या लॅबमध्ये माझा ग्राफ एकाच्या पोस्टरवर लागला होता, तेव्हा मी रडले. काय उपयोग झाला? नंतर वहीचं पान दाखवलं, तारखेसकट. पाच मिनिटांत नाव आलं."

"आणि माझ्या बाबांची गोष्ट? ती त्याने स्वतःच्या बाबांची म्हणून सांगितली, हिमानी! सगळ्यांसमोर!"

हिमानीने झारा खाली ठेवला. "त्याच्या बाबांची तारीख एक जून नाहीच, हे तुला माहीत आहे?"

"नाही."

"माझ्या आजोबांची आहे. तुझ्या बाबांची आहे. त्याच्याही असू शकते. ती गोष्ट सोड."

"तीच तर माझी आहे."

"म्हणूनच सांगते. तीच तू पहिल्यांदा फेकशील, आणि ती कुठल्याच फाइलमध्ये नाही." शिट्टी झाली. "आणि आधी एकट्याला गाठ. लिंडाकडे, पुण्याच्या मॅनेजरकडे नंतर. त्याला सुधारायची संधी दिली होती, हेही उद्या कामाला येतं. शेवटी तुला काय हवंय ते सांग. एका वाक्यात. नाहीतर तो सॉरी म्हणेल आणि तुला कॉफी पाजेल."

शरयूने जेवणाआधी एक कागद केला: तारखा, फाइल, पानं. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी घसा दुखतो सांगून ती गाडीत गप्प बसली. सत्यजितने दोनदा "मग?" विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं नाही. रस्ताभर बर्फाच्या कडा मागे सरकत राहिल्या, आणि तिला वाटलं, शेजारी कुणीतरी रिकामं भांडं घेऊन बसलंय.

*

ऑफिसच्या तिसऱ्या मजल्याचा मागचा अर्धा भाग ओस होता. दोन वर्षांपूर्वी तिथली माणसं कमी केली होती. खुर्च्या तशाच, नावांच्या पट्ट्या तशाच, एका भिंतीवर दोन हजार दोनचं कॅलेंडर. मधूनच एखाद्या टेबलावरचा फोन वाजे आणि आपोआप बंद होई. त्या बाजूच्या छोट्या कॉन्फरन्स रूममध्ये कुणी जात नसे, म्हणून शरयूने चार वाजताची तीच खोली घेतली. तिथले दिवे हालचालीवर लागत. माणूस आत आला की लख्ख, माणूस स्थिर बसला की काही मिनिटांनी गुल.

सत्यजित कॉफीचे दोन कप घेऊन आला. "घसा बरा आहे? बोल ना. सीरियस काहीतरी?"

"हो. कालच्या प्रेझेंटेशनबद्दल." शरयूने हात टेबलाखाली, मांडीवर ठेवले. "मी जे पाहिलं ते सांगते. काही चुकत असेल तर सांग."

"अरे, बोल की यार."

"अठरा जानेवारीला, मंगळवारी सकाळी नऊ चाळीसला मी तुला अकरा पानांची फाइल मेल केली. काल तू दाखवलेल्या तीन ते नऊ नंबरच्या स्लाइड्स त्या फाइलच्या दोन ते सात पानांवर आहेत. तक्ता तोच आहे, उदाहरणं तीच आहेत. स्लाइड्सवर तुझं नाव आहे, माझं नाही. आणि लिंडाने 'हे ज्याने शोधलं' म्हटलं तेव्हा तू थँक यू म्हणालास." ती थांबली. "हे कसं झालं ते मला तुझ्याकडून समजून घ्यायचंय."

सत्यजित हसला. ते हसू खोटं नव्हतं, आणि शरयूला तेच जड गेलं.

"शरयू, क्लायंटसमोर टीमचा एकच चेहरा असतो. आणि खरं सांगू? फाइल तू टाइप केलीस, मान्य. पण ते शोधलं मी."

"तू?"

"मला तो दिवस आठवतोय ना. शनिवार होता. बाहेर बर्फ पडत होता, खिडकीखालचा रेडिएटर खडखडत होता. खिचडी खाली लागली, वास सुटला, मी उठलो गॅस बंद करायला. परत येऊन बसलो आणि स्क्रीनवर बघतो तर सगळ्या ओळींवर एक जानेवारी. सगळ्या! अंगावर काटा आला माझ्या."

खिचडी तिची होती. रेडिएटर तिच्या खोलीतला होता. सत्यजितच्या नव्या बिल्डिंगमध्ये रेडिएटरच नव्हते. तिथे जमिनीतल्या जाळीतून गरम हवा यायची. तिने हे सगळं त्याला गाडीत सांगितलं होतं, सोमवारी सकाळी, हात नाचवत. आणि आता तो ते सांगताना त्याच्या डोळ्यांत ती खिडकी दिसत होती. तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच आठवत होतं.

दोघंही हलली नाहीत. दिवे गेले.

खिडकीबाहेर पार्किंगमधला बर्फ निळा पडत चालला होता. त्या उजेडात समोर नुसती एक आकृती उरली, मान किंचित तिरपी केलेली. भिंतीपलीकडे कुठलातरी फोन वाजू लागला. तीनदा, चारदा. थांबला.

तिच्या जिभेवर आलं होतं: तुझ्या घरी रेडिएटर नाही, सत्यजित. माझ्या बाबांनासुद्धा घेतलंस तू. पण मग काय होईल ते तिला दिसलं. तो म्हणेल, आहे. तो म्हणेल, माझे बाबा. आणि या अंधारात, कोण जाणे, तिलाही पटेल.

तिने मांडीवरचा हात वर उचलून हलवला. दिवे लागले. सत्यजित डोळे मिचकावत होता.

"तुला काय आठवतंय त्यावर मी वाद घालत नाही," ती म्हणाली. "मी फाइलबद्दल बोलते. तुझ्या स्लाइडवर किती रेकॉर्ड्स आहेत?"

"एकेचाळीस."

"अठरा तारखेच्या फाइलमध्ये एकेचाळीस होती. चोवीस तारखेला मी सुधारून त्रेचाळीस केली. शेअर्ड फोल्डरमध्ये आहे, तारीख आणि माझं नाव दिसतं." तिने कागद त्याच्याकडे सरकवला. "दोन रेकॉर्ड्स मला नंतर सापडली."

त्याने कागद उचलला. वाचला. पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरलं, रंग सुटावा तसं.

"दोन कुठली?"

"फोल्डरमध्ये आहेत."

"तू मला बोलली नाहीस."

"त्या दिवशी सर्दीने आवाज बसला होता माझा."

तो कागदाकडे बघत राहिला. ओठांत पुटपुटला, "त्रेचाळीस," एखादा अनोळखी शब्द उच्चारून पाहावा तसा. "मला हे माहीतच नव्हतं," तो म्हणाला, शरयूला नव्हे, स्वतःलाच. "मी शोधलं असतं तर मला माहीत असतं ना?"

हिमानीच्या तालमीत हे वाक्य नव्हतं.

"लिंडाला चुकीचा आकडा गेलाय," तो कागद खाली ठेवत म्हणाला, नेहमीच्या आवाजात. "मी दुरुस्तीची मेल टाकतो. त्यातच घालतो, शरयूने मदत केली म्हणून. चालेल?"

"नाही."

"अगं..."

"दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आकडा सुधारायचाय, ते एक. आणि विश्लेषण आणि अकरा पानं शरयूची आहेत, कालच्या स्लाइड्स त्यावरून केल्या, असं एक सरळ वाक्य हवंय मला. 'मदत' नको. लिंडाला, आणि कॉपी मला व पुण्याला. मिनिट्स मी अजून पाठवलेले नाहीत. प्रेझेंटेशन सत्यजितने केलं, विश्लेषण शरयूचं, असं त्यात लिहिणार आहे. तुला आधी सांगावं म्हणून थांबले."

"आणि मी नाही पाठवली मेल तर?"

"तर सोमवारी मी पुण्याशी बोलेन. हाच कागद घेऊन. यात नसलेलं काही बोलणार नाही."

सत्यजितने कॉफीचा कप फिरवला. "मी माणूस वाईट नाही, शरयू."

"मी तसं म्हटलेलं नाही."

"नाही म्हटलंस," तो म्हणाला. "तेच बघतोय मघापासून. शिव्या दिल्या असत्यास तर बरं झालं असतं. भांडलो असतो."

त्याने तिथेच लॅपटॉप उघडला. टाइप करताना त्याला शब्द सापडत नव्हते. "विश्लेषण..." म्हणून तो तिच्याकडे बघायचा, आणि शब्द सांगायला उघडलेलं तोंड ती मिटून घ्यायची. हे वाक्य तरी त्याने त्याचं लिहावं. शेवटी त्याने लिहिलं. आकडा सुधारला, एक ओळ सोडली, आणि खाली: हे विश्लेषण आणि अहवाल शरयूचा आहे. मी तो मांडला. तिचं नाव द्यायला हवं होतं, दिलं नाही. चार बावन्नला मेल गेली. पाच वाजता मिनिट्स गेले.

शरयू त्या संध्याकाळी टॅक्सीने घरी आली.

*

सोमवारी लिंडाने पुन्हा सगळ्यांना बोलावलं. मेलबद्दल ती एवढंच म्हणाली, "बरं झालं सांगितलंत," आणि कोरड्या नजरेने शरयूकडे वळली. "मग तू सांग. सुरुवातीपासून. मला ठरवायचंय."

शरयू उभी राहिली. तीच खोली, तोच पडदा. "या माणसाला भेटा," ती म्हणाली.

कुणी हसलं नाही.

"हा अठ्ठ्याण्णव साली वारला..." तिचा आवाज तिला लांबून आल्यासारखा वाटला. हात आपोआप उलटा झाला, आणि टेबलाशी बसलेला एक जण शेजारच्याच्या कानाशी म्हणाला, "अगदी सत्यजितसारखी करते, नाही?" शरयूला ऐकू आलं. सगळी वाक्यं तिची होती आणि एकेक वाक्य वापरलेलं वाटत होतं, दुसऱ्याच्या अंगाची ऊब असलेल्या कोटासारखं. बाबांची गोष्ट आली तेव्हा तिने ती सांगितलीच नाही. उडी मारून पुढे गेली.

आणि तेवढ्यात तिचं लक्ष मागच्या खुर्चीकडे गेलं.

सत्यजित तिथे बसला होता, हात मांडीवर. त्याचे ओठ हलत होते. आवाज नव्हता. ती "तारीख" म्हणाली, ओठ "तारीख" म्हणाले. ती "काउंटर" म्हणाली, ओठही. तो तिच्याकडे बघत नव्हता, पडद्याकडे बघत होता, आणि त्याला बहुधा पत्ताच नव्हता. एका वाक्याला ती अडखळली, तर ओठ तिच्या आधी पोचले.

खोली वाट बघत होती. लिंडाने पेन टेबलावर ठेवलं.

शरयूने पडदा बदलला.

"आता बेचाळिसावं रेकॉर्ड," ती म्हणाली. "हे एक जानेवारीचं नाही. सात हॉस्पिटलांतलं सर्वांत छोटं, तिथल्या काउंटरवर तारीख माहीत नसली की घाईत एकच बटण, एक आकड्याचं, दाबून ठेवतात. अकरा, अकरा, अकरा, आणि कॉम्प्युटर ते एकोणीसशे अकरा धरतो. आम्ही फक्त एक जानेवारी शोधत बसलो, म्हणून हे सुटलं. यात दोन बायका आहेत. त्यातली एक पेनिसिलिनने मरू शकते. आणि दोघीही आज जिवंत आहेत."

लिंडा ताठ झाली. "आज?"

"एकीची गुरुवारी अपॉइंटमेंट आहे."

"कुठल्या हॉस्पिटलात?" लिंडाने फोन ओढला. "थांब, सगळे थांबा. शरयू, इकडे ये. नंबर सांग मला. आणि त्रेचाळिसावं?"

शरयू पुढे गेली आणि नंबर सांगू लागली. एकदाच तिने मागे वळून पाहिलं.

सत्यजितचे ओठ थांबले होते. तोंड किंचित उघडं होतं. तो तिच्याकडे बघत होता, अगदी मन लावून.